रेषेवरचं इंजिन

वालजीभाई पिठवा स्वतःच्या लग्नात मांडवातून उठले होते. कारण एवढंच, की पाट डुगडुगत होता.

"मी घुंगटातून बघतेय," कंकुबेन सांगतात, "तर नवरा गायब. शोधतात तर पाटाखाली. विड्याच्या पुडीचा कागद घेऊन घड्या घालतोय. ब्राह्मण म्हणाला, मुहूर्त टळतोय. हे म्हणाले, मुहूर्त दुसरा निघेल, पाय आखूड आहे तो आखूडच राहील."

"राहिला असता," वालजीभाई म्हणतात. त्यांच्या बाजूने विषय तिथे संपतो.

राजकोटच्या भक्तिनगरात त्यांची शेड आणि आमचा जिना यांच्यामध्ये एक भिंत. त्यामुळे मला त्यांचं सगळं ऐकू येतं आणि उरलेलं कंकुबेन येऊन सांगतात. माणूस साठीचा, अंगाने काडी, पण डुलणाऱ्या वस्तूसमोर त्याला बसवत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा नमस्कार करायच्या आधी पंख्याकडे बघितलं आणि लेकीला सांगावं तसं म्हणाले, "दीकरी, एका पात्याला नाणं चिकटव." चिकटवलं. पंखा गप्प झाला. तेव्हापासून मी त्यांना कुठल्याही गोष्टीबद्दल विरोध करत नाही.

विरोध करायचं काम त्यांचा धाकटा भाऊ करतो. हरजीवनभाई.

बाप प्रागजीबापा डिझेलची इंजिनं बनवायचा. एकाच सिलिंडरची, उभी, विहिरीवर नाहीतर पिठाच्या गिरणीत बसणारी. बाप गेल्यावर मोठ्याने क्रँक धरला, धाकट्याने गिअर. पण हरजीवनभाईंचं मत असं, की इंजिन हललं पाहिजे. शेतकऱ्याला हलणारं इंजिन बघून धीर येतो. "जे हलत नाही ते इंजिन कसलं, मोटाभाई? ती तर पेटी झाली." यावर दोघांची वाटणी झाली. लोक जमिनीवरून वेगळे होतात, बायकांवरून होतात. हे थरथरीवरून झाले.

वाटणी करायला जातीतले वडीलधारे लाभुबापा आले. त्यांनी शेडच्या मधोमध जमिनीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढायला लावला. अलीकडे मोठा, पलीकडे धाकटा. आणि रोजची भांडणं नकोत म्हणून एक नियम घातला: कुणी कुणाची वस्तू उचलून नेली तर ती चोरी. पण वस्तू आपण होऊन रेषा ओलांडून गेली, तर ती पलीकडच्याची.

न्याय दिसायला सरळ होता. जमीन मात्र सरळ नव्हती. तेल-पाणी वाहून जावं म्हणून प्रागजीबापांनी फरशीला उतार दिलेला, आणि मोरी हरजीवनभाईंच्या बाजूला. त्यामुळे पहिल्या वर्षात वालजीभाईंच्या बेरिंगच्या गोळ्या, दोन पाइप, दसऱ्याचा नारळ असं सगळं आपापल्या इच्छेने धाकट्याकडे गेलं. शेवटी मांजरही गेलं. मांजराला उतार लागत नाही, पण नियम म्हणजे नियम.

"त्यांच्याकडून आपल्याकडे कधी काही येणार नाही का?" कंकुबेननी एकदा लाभुबापांना विचारलं.

"येईल की," बापा म्हणाले. "धीर धर."

अशात गारियाधारहून परसोत्तमभाई आले. हिऱ्यांना पैलू पाडायचा कारखाना त्यांचा. पोलादी चकत्या गरगर फिरतात, त्यावर हिरा टेकवून कारागीर बसलेले. वीज सारखी जायची, म्हणून डायनॅमो चालवायला इंजिन हवं होतं. पण जागा नव्हती. इंजिन बसणार वरच्या मजल्यावर, स्लॅबवर, कारागिरांच्या पाठीशी एक भिंत सोडून.

"स्लॅब थरथरला की चकती थरथरली," परसोत्तमभाई म्हणाले, "आणि चकती थरथरली की पैलू गेला. म्हणून मला असं इंजिन पाहिजे की जे चालतं पण हलत नाही. मी धाकट्या भावाला आधी विचारलं. ते हसले. म्हणाले, मोटाभाईकडे जा, त्यांना तसा आजार आहे."

वालजीभाईंनी त्यांना दोन्ही हातांनी चहा दिला. चाळीस वर्षांत असं मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं.

आता प्रागजीबापांची चाचणीची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच बिघडलं. पहिली गोष्ट, चाचणीच्या वेळी इंजिन जमिनीला कसायचं नाही. दोन लाकडी ओंडक्यांवर नुसतं ठेवायचं. बोल्टने आवळलेलं इंजिन आपली थरथर जमिनीत लपवतं, मोकळं ठेवलं की सगळं कबूल करतं, असं बापाचं म्हणणं. दुसरी गोष्ट, सिलिंडरच्या डोक्यावर तारेने एक पितळी डबा बांधायचा आणि त्यावर घट्ट काठाचं झाकण ठेवायचं. इंजिन उड्या मारत असेल तर झाकण खडखडतं. झाकण जितकं गप्प, इंजिन तितकं शहाणं. त्यासाठी वेळही दुपारची, जेवणानंतरची. तेव्हा सारं राजकोट शटर ओढून झोपतं आणि झाकणाची कुरकुरसुद्धा ऐकू येते.

मी त्या दुपारी जिन्यात बसून तूर निवडत होते. कंकुबेन ताक घेऊन शेडमध्ये गेल्या आणि मलाही हाक मारली. इंजिनाचं बाजूचं दार उघडं होतं, आत क्रँक दिसत होता, आणि वालजीभाई त्याच्या एका अंगाला बोल्टने लोखंडाची चकती चढवत होते.

"हा अजून किती खाणार?" कंकुबेननी विचारलं.

"उड्या थांबेपर्यंत."

"पण उडी का मारतो तो? खातो डिझेल, गोल फिरतो. फिरणाऱ्याने उडी का मारावी?"

वालजीभाईंनी पाना खाली ठेवला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला की ते दहा वर्षांनी लहान दिसतात. "जात्यावर दळलंयस ना? तुझा हात काय करतो? पुढे आणि मागे. खुंटा काय करतो? गोल. का? कारण खुंटा मध्यावर नाही, कडेला आहे. मध्यावर असता तर तू दिवसभर ढकलत बसली असतीस, जातं हललं नसतं. इथे ढकलणारा पिस्टन. डिझेल पेटलं की तो खाली रेटतो. हा दांडा तो रेटा क्रँकच्या या पिनवर आणतो. पिन मध्यापासून बाजूला, म्हणून रेटा सरळ आला तरी क्रँकला फिरावं लागतं."

"आणि पिन अगदी वर असेल तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा दांडा सरळ मध्यावरच रेटणार ना?"

"रेटू दे. तेव्हा तो काही फिरवत नाही. वर एकदा आणि खाली एकदा अशी अडायची जागा येतेच. ती हे चाक पार करून देतं." त्यांनी जाडजूड फ्लायव्हीलवर थाप मारली. "आधीचा वेग याच्या पोटात साठलेला असतो. रेटा तर दोन फेऱ्यांत एकदाच मिळतो. बाकी वेळ सगळं याच्या जिवावर चालतं."

"पण उडी," कंकुबेन म्हणाल्या.

"तेच सांगतो. पाण्याची बादली धरून गरगर फिरलीस तर बादली तुला बाहेर ओढते की नाही? ही पिन आणि दांड्याचं खालचं टोक म्हणजे ती बादली. म्हणून बरोबर समोर दुसरी बादली. हे उलट वजन. तेवढ्याने गोल फिरणाऱ्याचा हिशेब मिटतो. उरला पिस्टन. तो वर गेला की इंजिनाला वर खेचतो, खाली आला की खाली. म्हणून मी उलट वजन वाढवत चाललोय. पिस्टन वर तेव्हा वजन खाली. पिस्टन खाली तेव्हा वजन वर. बस, उडी मेली."

त्यांनी दार लावलं, हँडल फिरवलं, इंजिन धडधडू लागलं. सगळ्यांनी डब्याकडे बघितलं. झाकण गप्प होतं.

वालजीभाईंनी टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा बघितलं. ते डब्याजवळ कान नेऊन डोळे मिटून उभे राहिले आणि चेहऱ्यावर असं काही आलं की कंकुबेन लाजल्या.

"अहो," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "ते चाललंय."

"चालणारच. चालू केलंय."

"तसं नाही. ते चाललंय. निघालंय."

इंजिन निघालं होतं. ओंडक्यांसकट, आडवं हिसके देत, घाई नसलेल्या पाहुण्यासारखं ते उताराने हरजीवनभाईंच्या बाजूला सरकत होतं. वालजीभाईंनी डोळे उघडले तेव्हा ओंडक्याचं टोक पांढऱ्या पट्ट्याला लागलं होतं. ते पुढे धावले, पण हात लावावा की नाही हे ठरेना. डिझेलचा डबा वालजीभाईंच्या भिंतीवर टांगलेला होता. त्याची नळी ताणली गेली, निसटली, आणि इंजिन दोनचार धक्के खाऊन बंद पडलं. अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. रेषा बरोबर क्रँकच्या खालून गेलेली.

शांततेने हरजीवनभाई जागे झाले. खाटेवरून मान वर करून त्यांनी बघितलं.

"या," ते इंजिनाला म्हणाले.

लाभुबापांना रिक्षाने आणलं. त्यांनी काठीने इंजिनाभोवती एक चक्कर मारली.

"कुणी ढकललं?"

"कुणी नाही, बापा," हरजीवनभाई म्हणाले. "आपल्या पायाने आलं."

"इंजिनाला पाय असतात?" कंकुबेन म्हणाल्या.

"मग नारळाला होते का, भाभी? तेव्हा कुणी विचारलं नाही."

"अर्धंच आलंय."

"नळी तोकडी पडली म्हणून. मनात पूर्ण यायचं होतं त्याच्या."

बापांनी बराच वेळ मिशी ओढली. मग निकाल दिला. अर्ध्या इंजिनाचा कुणालाच उपयोग नाही. कुणी ते हलवायचं नाही. गिऱ्हाईक यायच्या दिवशी, त्याच्या देखत, लांब नळी लावून ते जागच्या जागी चालवायचं. ज्याच्या बाजूला जाईल, त्याचं. तोवर वालजी त्याच्या पोटात काय हवी ती दुरुस्ती करू शकतो, कारण पोट सध्या दोघांचं आहे.

हरजीवनभाई एवढे खूश झाले की त्यांनी सगळ्यांसाठी गाठिया आणि तळलेल्या मिरच्या मागवल्या. उतार त्यांच्या बाजूचा होता. चिंता कशाची करायची?

वालजीभाईंनी गाठियाला हात लावला नाही. भावाच्या हातात ते इंजिन जाणार, परसोत्तमभाई ते गारियाधारला नेणार, ते तिथे स्लॅबवरून चालत जाऊन कारागिरांच्या मांडीत बसणार, आणि लोक म्हणणार, पिठव्यांचं इंजिन. शांत इंजिन बनवायची एकच संधी आयुष्यात आली होती आणि ती उताराला लागली होती.

दोन दिवस ते इंजिनाशेजारी पाटावर बसून होते. तिसऱ्या दिवशी कंकुबेननी त्यांच्यासमोर रोटला आपटला.

"जेवा. आणि मला सांगा, झाकण गप्प होतं तर ते निघालं का?"

"कारण झाकण फक्त वरखालीचं बोलतं," वालजीभाई म्हणाले. "बापाची रीत अर्धीच खरी. पिस्टन नुसता वरखाली करतो. वजन मात्र गोल फिरतं. ते वर जातं आणि खाली जातं, तेव्हा पिस्टनशी हिशेब जुळतो. पण मध्ये ते डावीकडे जातं आणि उजवीकडे जातं. तिथे त्याच्या समोर कोण आहे? कुणी नाही. मी उडीला मारलं नाही, कंकु. मी तिला आडवी पाडली. ती चालायला लागली."

"मग वजन कमी करा."

"मग उडी मारेल."

"मग अर्धं ठेवा."

"अर्धी उडी मारेल आणि अर्धं चालेल. सगळे तसंच करतात. शेतात चालतं ते, जमिनीला आवळलं की."

कंकुबेननी विचार केला. "डावीकडे जाणाऱ्याच्या समोर उजवीकडे जाणारं कुणीतरी बसवा की. मांडवात दोन पोरं भांडली की आपण तेच करतो. दोघांना दोन बाजूंनी धरतो."

वालजीभाई रोटला हातात घेऊन तसेच थांबले. मग उठले आणि खडूने फरशीवर दोन गोल काढू लागले. एक क्रँक. त्याच्या शेजारी दुसरा दांडा, तेवढ्याच वेगाने, पण उलट्या दिशेने फिरणारा. क्रँकवर पिस्टनच्या वाट्याचं निम्मं वजन, या दांड्यावर निम्मं. पिस्टन वर असताना दोन्ही वजनं खाली. तिथे दोघं मिळून पिस्टनला पुरी पडतात. पाव फेरीने एक डावीकडे जातं, दुसरं उजवीकडे, आणि दोघं एकमेकांना फस्त करतात.

"बॅलन्स शाफ्ट," ते म्हणाले. "मोठ्या गाड्यांत असतो. मी पुस्तकात बघितलेला. आपल्या इंजिनाला कोण बसवतो?"

"मग बसवा."

"कंकु, तो बसवला तर इंजिन हलणार नाही."

"तेच तर पाहिजे."

"हलणार नाही म्हणजे कुठेच जाणार नाही. बापांचा निकाल काय? ज्याच्या बाजूला जाईल त्याचं. बरोबर केलं तर ते माझ्याकडेही येणार नाही."

"थोडं चुकवून आपल्याकडे आणता येणार नाही?"

"चढावर? हलणारं सगळं खालीच जातं."

कंकुबेननी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "म्हणजे वाईट बनवलं तर त्याचं, चांगलं बनवलं तर कुणाचंच नाही."

"हं."

"मग तुम्ही काय करणार?"

वालजीभाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं पाट डुगडुगत असताना ब्राह्मणाकडे बघितलं असेल. "काय करणार म्हणजे?"

अडचण एकच होती. दोन सारख्या दातांचे गिअर लागणार होते, एक क्रँकवर, एक नव्या दांड्यावर, आणि राजकोटात तसा गिअर कापणारा हात हरजीवनचा. वालजीभाईंनी रेषेशी उभं राहून हाक मारली.

"दोन गिअर कापशील?"

"तुझ्यासाठी?"

"इंजिनासाठी. ते अर्धं तुझंही आहे."

हरजीवनभाई पुढे आले. फरशीवरचं चित्र रेषेपलीकडूनच मान वाकडी करून वाचलं. "उलटा फिरणारा दांडा? मोटाभाई, आत्ता एक वजन नाचतंय. तू दुसरं नाचवणार. दोघं मिळून माझ्याकडे पळत येतील. कापतो. फुकट कापतो."

पोलादाच्या चकत्या वालजीभाईंनी उतारावर सोडल्या. त्या आपण होऊन गेल्या, म्हणजे हरजीवनभाईंच्या झाल्या. तयार गिअर परत येताना पंचाईत झाली, कारण चढावर काही आपण होऊन येत नाही, आणि उचलून आणणं म्हणजे चोरी. कंकुबेननी तोड काढली. हरजीवनभाईंनी एकेक गिअर जोर लावून घरंगळत सोडला आणि दोन्ही रेषेपार आले. "आता आला ना एकदा तरी आमच्याकडे काही," त्या म्हणाल्या.

त्याआधी जुळणीच्या खुणांची मापं मात्र रेषेपलीकडे ओरडून द्यावी लागली होती. वालजीभाई इंजिनाच्या अलीकडून सांगत होते, "खाच वजनाच्या उजव्या हाताला." हरजीवनभाई पलीकडून, तोंड यांच्याकडे करून, स्वतःच्या उजव्या हाताला खाच मारत होते. गिअर दांड्यावर अडकतो तो त्या खाचेत, आणि जुळणीचे ठिपकेही त्या खाचेवरूनच मारायचे होते. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या संध्याकाळी वालजीभाईंनी ठिपक्याला ठिपका लावून सगळं जुळवलं, जादा चकत्या काढून क्रँकवर निम्मंच वजन ठेवलं, आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला. क्रँकचं वजन खाली गेलं. शेजारच्या दांड्याचं वजन वर आलं.

त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा वर.

"हरजीवन. तुझे ठिपके अर्ध्या फेरीने चुकलेत."

"माझे ठिपके चुकत नाहीत. तू सांगितलं उजवीकडे, मी मारली उजवीकडे."

"कुणाच्या उजवीकडे?"

पलीकडे हरजीवनभाईंनी स्वतःचे दोन्ही हात बघितले. मग, "ज्याचा हात चालतो त्याच्या."

"असंच चालवलं तर काय होईल माहीत आहे? उडीही पुरी आणि हिसकाही पुरा. आधीच्यापेक्षा वाईट."

"म्हणजे माझ्याकडे येईल?"

"पळत येईल."

"मग राहू दे की." हरजीवनभाई हसत होते, पण खाटेवर परत गेले नाहीत. तिथेच उभे होते. "मोटाभाई."

"काय?"

"दातांचा आकडा सम आहे. ठिपके विसर. दांडा बाहेर घे, अर्धी फेरी फिरवून बसव. गिअर पुन्हा कापायला नको."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे तर बसव. माझा गिअर चुकला असं गारियाधारपर्यंत जायला नको."

वालजीभाईंनी दांडा काढला, अर्धी फेरी फिरवला, बसवला. चाक फिरवलं. पिस्टन वर, दोन्ही वजनं खाली. पाव फेरी. एक डावीकडे, एक उजवीकडे. पिस्टन खाली, दोन्ही वर. हरजीवनभाई पट्ट्याच्या काठाला चवडे लावून, कमरेत वाकून बघत होते. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी इंजिनाच्या आपल्या अर्ध्याला धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाभुबापा खुर्चीत, परसोत्तमभाई गोणपाटावर, मी आणि कंकुबेन दारात. आधी वाद झाला की हँडल कुणी मारायचं. हँडल बरोबर रेषेवर. बापा म्हणाले, दोघांनी. मग वालजीभाईंनी आपल्या बाजूने दाबायचं आणि हरजीवनभाईंनी पलीकडून उचलायचं असं ठरलं. वर आणि खाली हँडल दर वेळी अडायचं, दोघं एकमेकांवर खेकसायचे, "आता तुझं, आता तुझं." शेवटी इंजिन पकडलं.

आवाज नेहमीचा, कान बसवणारा. पण झाकण उडत नव्हतं. कान लावला तर त्यातून बारीक घूं ऐकू येत होतं, दुप्पट वेगाची एक थरथर जी या दांड्यानेही मरत नाही. वालजीभाईंनी ते ऐकून तोंड वाकडं केलं. पण ओंडके जागचे हलले नाहीत.

सगळे बघत राहिले. हरजीवनभाईंनी आधी उभं राहून वाट बघितली. मग बसून. मग रेषेशी आडवं पडून, एक गाल फरशीला लावून, ओंडका केसभर तरी सरकतो का ते बघितलं.

"येतंय का?" बापांनी ओरडून विचारलं.

"विचार करतंय," हरजीवनभाई म्हणाले.

चहा आला, बशीत ओतून प्यायला गेला. परसोत्तमभाईंनी आपली भरलेली बशी इंजिनाच्या पायथ्याशी ठेवली, जराही न थरथरणाऱ्या चहाकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "हेच. मला हेच पाहिजे होतं. आता सांगा, मी हे कुणाकडून घेतलं?"

इंजिन बंद केलं. बापांनी काठीने ओंडक्याची दोन्ही टोकं तपासली. "गेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे कुणाचंच नाही."

"मग नेऊ कसं?"

इथे खरी अडचण उभी राहिली. वालजीभाईंच्या दारातून काढलं तर ते वालजीभाईंच्या बाजूला आलं. हरजीवनभाईंच्या दारातून काढलं तर त्यांच्या. बापा म्हणाले, उचलून नेलं तर चोरी, सरकवून नेलं तर मालकी. परसोत्तमभाई डोक्याला हात लावून बसले. उपाय वालजीभाईंनी सांगितला. सरळ वर.

छपराचे पत्रे काढले. बोळात क्रेनचा ट्रक उभा राहिला, त्याचा हात आमच्या गॅलरीवरून शेडवर आला, आणि इंजिनाला साखळ्या बांधल्या. ते वर जाताना डुलून एकाच्या बाजूला जाऊ नये म्हणून दोन दोऱ्या लावल्या. एक वालजीभाईंच्या हातात, एक हरजीवनभाईंच्या. बापांनी सांगितलं, दोघांनी सारखी ओढायची, कमी नाही, जास्त नाही.

इंजिन उठलं. मी गॅलरीतून बघत होते, ते माझ्या समोरून वर गेलं, आणि खरं सांगते, इतकी स्थिर वस्तू मी हवेत कधी बघितली नाही. खाली दोन म्हातारे माना मागे टाकून, पाय रोवून, दोन बाजूंना ओढत होते. इंजिन थोडं हरजीवनभाईंकडे झुकलं की वालजीभाई हाताला पीळ देत. वालजीभाईंकडे झुकलं की हरजीवनभाई कण्हत. जराशा वेळात दोघांना लय सापडली. मग ते एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते.

इंजिन भिंत ओलांडून ट्रकवर आलं.

"दोऱ्या सोडा," परसोत्तमभाई ट्रकवरून ओरडले.

कुणी सोडली नाही.

"सोडा की आता."

"आधी त्याला सांगा," हरजीवनभाई म्हणाले.

"त्याने सोडल्याशिवाय मी सोडली तर ते त्याच्याकडे जाईल," वालजीभाई म्हणाले.

"ट्रकवर आहे ते, भाई. कुठे जाणार?"

"सांगता येत नाही."

शेवटी ड्रायव्हरने कोयत्याने दोन्ही दोऱ्या एकदम तोडल्या आणि दोघं भाऊ आपापल्या बाजूला पाठीवर पडले.

पुढच्या हिवाळ्यात परसोत्तमभाई पुन्हा आले. त्यांच्या दोन मेहुण्यांना तसलीच इंजिनं हवी होती. वालजीभाईंनी त्यांना आपल्या बाजूला पाट दिला, हरजीवनभाईंनी आपल्या बाजूने खाट पुढे केली. परसोत्तमभाई कुठेच बसले नाहीत.

"एकच अट आहे," ते म्हणाले. "मागचं जिथे बनलं, तिथेच ही बनवा. मधोमध."

"का?" वालजीभाईंनी विचारलं. "शाफ्ट बरोबर बसवला की कुठेही बनवा, हलणार नाही."

"असेल. पण मला उगाच धोका नको."

हरजीवनभाई आधीच गिअरच्या चकत्या शोधायला गेले होते. आतूनच त्यांनी विचारलं, "मोटाभाई, खाच कुणाच्या उजवीकडे ते या वेळी आधी ठरवून घेऊ."

वालजीभाई उठले, पांढऱ्या पट्ट्याशी गेले आणि पायाने तो जरा घासून बघितला. रंग पुसट झाला होता. त्यांनी कंकुबेनना हाक मारली आणि ब्रश मागितला. ओंडके कुठे ठेवायचे ते नीट दिसायला हवं होतं.